राउटरच्या एकाच पोर्टवर इंटरनेट चालतं, बाकीच्यांवर नाही: एकेक पोर्ट तपासण्याची पद्धत

मित्राच्या घरी फायबरचा डबा आहे, म्हणजे ज्याला ओएनटी म्हणतात तो. फायबर आत येते आणि राउटरचं कामही तोच डबा करतो. मागे चार पोर्ट: LAN1 ते LAN4. LAN1 ला कामाचा कॉम्प्युटर होता आणि तो व्यवस्थित चालत होता. LAN2 ला टीव्हीचा सेटटॉप बॉक्स होता, तोही चालत होता. मित्राला आणखी एक लॅपटॉप आणि प्रिंटर वायरने जोडायचे होते. त्याने लॅपटॉप LAN3 ला लावला, इंटरनेट नाही. LAN4 ला लावला, नाही. सेटटॉप बॉक्सची केबल काढून LAN2 ला लावला, तिथेही नाही. LAN1 ला लावला की लगेच सुरू.

"डबाच गेलाय बहुतेक," मित्र म्हणाला. "पण LAN2 आणि LAN3 चा दिवा तर लागतोय!"

त्याच्या या दुसऱ्या वाक्यात अर्धं निदान होतं. दिवा लागतोय याचा अर्थ पोर्ट मेलेला नाही. तो जिवंत आहे, फक्त वेगळ्या गल्लीत उघडतोय. LAN4 ला मात्र दिवा नीट लागतच नव्हता. म्हणजे 'तीन पोर्ट चालत नाहीत' या एका तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी होती. दोन्ही एकाच औषधाने बरी होणार नव्हती, आणि नवा डबा आणूनही पहिलं दुखणं जसंच्या तसं परत आलं असतं. एकेक पोर्ट शिस्तीने तपासायचा तो यासाठीच.

## चार पोर्ट आत कुठे जातात

बाहेरून चारही पोर्ट सारखे दिसतात. आत ते एका स्विच चिपला जोडलेले असतात. ही चिप त्यांचे गट पाडू शकते. साध्या घरगुती राउटरमध्ये LAN चे सगळे पोर्ट एका गटात असतात आणि WAN चा, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत आणणारा, एकटा पोर्ट दुसऱ्या गटात. राउटर या दोन गटांमध्ये दारवान म्हणून बसतो. एका गटातला आवाज दुसऱ्या गटाला ऐकू जात नाही. या गटांना व्हीलॅन म्हणतात.

हे गट तारांनी पक्के केलेले नसतात, सेटिंगने ठरतात. त्यामुळे LAN3 असं छापलेला पोर्ट प्रत्यक्षात टीव्हीच्या गटात असू शकतो. कधी तो दुसऱ्या इंटरनेट जोडणीसाठी राखलेला असतो, कधी कुठल्याच गटात नसतो. तरीही केबल लावली की त्याचा दिवा लागणारच, कारण दिवा एवढंच सांगतो की केबलच्या दोन्ही टोकांच्या चिपांना एकमेकींचा सिग्नल मिळतोय. पुढे काय होतं, हे दिव्याला कळत नाही.

## तपासणीआधी चार गोष्टी करून ठेवा

पहिलं काम लॅपटॉपचं वाय-फाय बंद करायचं. हे विसरलं तर सगळी तपासणी फुकट जाते: वायर मेलेली असते, ब्राउझर वाय-फायवरून पान उघडतो आणि आपण 'हा पोर्ट चालतो' अशी नोंद करून मोकळे होतो. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा.

दुसरं, लॅपटॉप एकच आणि केबल एकच. बदलायचा तो फक्त पोर्ट. केबल एक-दोन मीटरची, डब्यापासून थेट लॅपटॉपपर्यंत जाणारी. भिंतीतून दुसऱ्या खोलीत जाणारी लाइन या तपासणीत नको, तिचे सांधे हा वेगळा विषय आहे. एकच लॅपटॉप वापरण्याचा मोठा फायदा असा की मॅक फिल्टर, मुलांसाठी लावलेली वेळेची बंधनं असले नियम उपकरण ओळखून लागतात, त्यांना पोर्टशी देणंघेणं नसतं. तोच लॅपटॉप एका पोर्टवर चालून दुसऱ्यावर चालत नसेल, तर हे सगळे संशयित एका फटक्यात सुटतात.

तिसरं, काहीही उपटण्याआधी डब्याच्या मागचा फोटो काढा. कुठली केबल कुठे होती हे दहा मिनिटांनी आठवत नाही.

चौथं, ज्या पोर्टवर सगळं चालतं तिथूनच सुरुवात करा. त्या पोर्टवर `ipconfig` चालवून लॅपटॉपला कोणता आयपी पत्ता मिळतो आणि `Default Gateway` समोर कोणता आकडा येतो, हे लिहून घ्या. गेटवे म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, बहुतेक ठिकाणी 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. पुढची सगळी तुलना या दोन आकड्यांशी करायची आहे.

## प्रत्येक पोर्टला तेच पाच प्रश्न

केबल पोर्टमध्ये लावा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. घाई केली तर चांगला पोर्टही वाईट ठरतो, कारण पत्ता मागायला आणि मिळायला कधी कधी वेळ लागतो. मग हे प्रश्न क्रमाने विचारा. ज्या प्रश्नाला 'नाही' येईल तिथे थांबा, कारण त्यापुढची उत्तरं सहसा 'नाही'च येणार.

पहिला प्रश्न: जोड लागला का, आणि किती वेगाने? दिवा बघा, पण त्यावर विसंबू नका. दिव्यांचे रंग प्रत्येक डब्यात वेगळे असतात. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे चालवा:

```
Get-NetAdapter
```

`Status` खाली `Up` हवं. `LinkSpeed` खाली `1 Gbps` किंवा `100 Mbps` दिसेल, तो आकडा टिपून ठेवा. लिनक्सवर हीच माहिती `sudo ethtool` आणि पुढे जोडणीचं नाव असं दिलं की मिळते.

दुसरा प्रश्न: पत्ता मिळाला का? आधीच्या पोर्टचा जुना पत्ता चिकटून राहू नये म्हणून तो सोडून नवा मागायचा:

```
ipconfig /release
ipconfig /renew
ipconfig
```

न वापरलेल्या जोडण्यांबद्दल एखादी चूक दाखवली तर सोडून द्या. आपल्याला `Ethernet` या भागातला `IPv4 Address` बघायचा आहे.

तिसरा प्रश्न राउटरपर्यंत पोहोचण्याचा, चौथा राउटरच्या पलीकडे जाण्याचा आणि पाचवा नावावरून पत्ता शोधण्याचा:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
nslookup example.com
```

पहिल्या ओळीत तुम्ही टिपलेला गेटवे घाला. इथे एक फसगत ठरलेली आहे. विंडोज कधी कधी `Reply from 192.168.1.23: Destination host unreachable` असं छापतं आणि खाली `0% loss` दाखवतं. 'रिप्लाय' दिसला म्हणून खूश होऊ नका. तो 192.168.1.23 हा तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता आहे, आणि लॅपटॉप स्वतःच सांगतोय की समोर कुणी सापडलं नाही. खरं उत्तर तेच, ज्याच्या `from` पुढे तुम्ही विचारलेला पत्ता आहे आणि शेवटी `time` आणि `TTL` आहे.

मित्राकडे मी एका कागदावर असं लिहीत गेलो:

| पोर्ट | वेग | मिळालेला पत्ता | राउटर | बाहेर |
|---|---|---|---|---|
| LAN1 | 1 Gbps | 192.168.1.23 | हो | हो |
| LAN2 | 1 Gbps | 169.254.71.8 | नाही | नाही |
| LAN3 | 1 Gbps | 169.254.71.8 | नाही | नाही |
| LAN4 | दिवा लागून विझतो | नाही | नाही | नाही |

पंधरा मिनिटांचं काम. पण LAN2 आणि LAN3 अगदी सारखे वागतात आणि LAN4 वेगळा वागतो, हे कागदावर आल्यावरच डोळ्यांत भरलं.

## 169.254 दिसला तर

या आकड्याने सुरू होणारा पत्ता राउटरने दिलेला नसतो. लॅपटॉप जोडला गेला की तो मोठ्याने हाक मारतो: इथे पत्ता देणारं कुणी आहे का? कुणीच उत्तर दिलं नाही की स्वतःच 169.254 च्या घरातला एक पत्ता घेऊन बसतो. म्हणजे हा आकडा म्हणतो, 'मी हाक मारली, कुणी ओ दिली नाही.'

ही हाक त्या पोर्टच्या गटातच घुमते. राउटरचा पत्ते वाटणारा भाग, म्हणजे डीएचसीपी सर्व्हर, इंटरनेटच्या गटात बसलेला असतो. पोर्ट टीव्हीच्या गटात असेल तर हाक सरळ फायबरवरून सेवा देणाऱ्याच्या टीव्हीच्या यंत्रणेकडे जाते. ती यंत्रणा फक्त सेटटॉप बॉक्सला ओळखते, लॅपटॉपला ओ देत नाही. म्हणूनच LAN2 वर टीव्ही उत्तम चालत होता आणि त्याच भोकात लॅपटॉप मुका होता.

निदान पक्कं करायला एक जास्तीची चाचणी घेता येते. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या: 192.168.1.200, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.1.1. (तुमच्याकडचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर ते घाला, आणि शेवटचा आकडा कुणी वापरत नसलेला हवा.) मग राउटरला पिंग करा. आता उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे, फक्त पत्ता वाटण्यात अडचण आहे. उत्तर आलं नाही तर पोर्ट राउटरच्या गटातच नाही. मित्राकडे LAN2 आणि LAN3, दोन्हींवर उत्तर आलं नाही. चाचणी झाली की पत्ता परत 'आपोआप मिळव' वर ठेवायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवर हाच लॅपटॉप चालणार नाही आणि कारण सापडणार नाही.

## पोर्ट कुठे बांधलाय ते शोधणं

आता राउटरचं पान उघडायचं, तेही चालत्या पोर्टवरून किंवा वाय-फायवरून. ज्या पोर्टची सेटिंग बदलायची त्याच पोर्टवर बसू नका.

फायबरच्या डब्यात `WAN` नावाचं पान असतं. तिथे एकाहून जास्त जोडण्यांची यादी दिसते. मित्राकडे दोन होत्या, साधारण अशा नावांच्या:

```
1_INTERNET_R_VID_100
2_OTHER_B_VID_200
```

ही नावं वाचता आली की अर्धं काम झालं. पहिल्यातला `R` म्हणजे राउट: या जोडणीवर डबा राउटर म्हणून काम करतो, पत्ते वाटतो. दुसऱ्यातला `B` म्हणजे ब्रिज: डबा नुसता पूल होतो, पोर्टवर आलेलं जसंच्या तसं फायबरवर ढकलतो. शेवटचा आकडा व्हीलॅनचा क्रमांक, तो प्रत्येक सेवेत वेगळा असतो आणि त्याला हात लावायचा नाही.

एकेका नावावर क्लिक केलं की खाली `Binding Options` किंवा `Port Binding` असं काहीतरी येतं आणि LAN1 पासून LAN4 पर्यंत चौकोन दिसतात. पहिल्या जोडणीत LAN1 आणि वाय-फाय यांवर खूण होती. दुसरीत LAN2, LAN3, LAN4 या तिघांवर. डबा बसवणाऱ्याने टीव्हीसाठी एक पोर्ट देण्याऐवजी उरलेले तिन्ही देऊन टाकले होते. घरात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

बदलताना क्रम पाळावा लागतो. एक पोर्ट एका वेळी एकाच जोडणीला बांधता येतो, म्हणून आधी ब्रिजच्या जोडणीतून खूण काढून `Apply` करायचं आणि मगच इंटरनेटच्या जोडणीत खूण लावून पुन्हा `Apply` करायचं. त्याआधी दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट घ्या. सुरुवात एकाच पोर्टने करा. आम्ही आधी फक्त LAN3 हलवला. मग त्यातली केबल काढून पुन्हा लावली, कारण गट बदलला हे लॅपटॉपला आपोआप कळत नाही आणि तो जुन्याच 169.254 ला धरून बसतो. केबल परत लावताच `ipconfig` मध्ये 192.168.1.24 आला आणि पिंगची उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आत यायला लागली.

काही डब्यांत याशिवाय LAN च्या भागात `Layer 2/3 Port` किंवा `LAN Port Work Mode` नावाचं छोटं पान असतं. तिथे ज्या पोर्टवर खूण नाही तो नुसता ब्रिजसारखा वागतो आणि डबा त्याला पत्ता देत नाही. बांधणी बरोबर असूनही 169.254 येत राहिला तर हे पान बघा.

साध्या राउटरमध्ये हीच गोष्ट `IPTV` किंवा `IPTV/VLAN` या नावाखाली सापडते. तिथे टीव्हीसाठी निवडलेला पोर्ट, बहुतेकदा LAN4, इंटरनेटच्या गटातून बाहेर पडतो. टीव्ही वापरत नसाल तर ती सोय बंद केली की पोर्ट परत येतो. आणखी दोन जागा पाहण्यासारख्या: `Dual WAN`, ज्यात एक LAN पोर्ट दुसऱ्या इंटरनेट जोडणीसाठी घेतला जातो, आणि `Link Aggregation`, ज्यात दोन पोर्ट मिळून एक समजले जातात.

ही पानं दिसलीच नाहीत, तर बहुतेक तुम्हाला मिळालेलं लॉगिन मर्यादित अधिकारांचं आहे. मग सेवा देणाऱ्याला फोन करून 'नेट चालत नाही' असं सांगू नका, कारण त्यावर डबा बंद करून चालू करा एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: "LAN1 वर पत्ता मिळतो, LAN3 वर लिंक येते पण 169.254 मिळतो. LAN3 इंटरनेटच्या WAN जोडणीला बांधून द्या." हे काम ते दुरूनही करू शकतात. दुरून करता येतं म्हणूनच एक खबरदारी घ्यायची: त्यांची यंत्रणा कधी कधी डब्यावर आपली ठरलेली सेटिंग पुन्हा लिहिते. बदल केल्यावर डबा एकदा बंद-चालू करून बांधणी टिकली का ते पाहा.

आणि मागचं रीसेटचं बारीक बटण टाचणीने दाबू नका, निदान सेवा देणाऱ्याच्या डब्यावर तरी. त्याने पोर्टची बांधणी कदाचित मूळपदावर येईल, पण जोडणीचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांकही पुसला जाऊ शकतो. मग चालणारा एक पोर्टसुद्धा बंद.

## पत्ता मिळतो, तरी नेट नाही

पत्ता चांगला दिसतो पण LAN1 वर मिळालेल्या घराण्यातला नाही, उदाहरणार्थ तिकडे 192.168.1 आणि इकडे 192.168.0, तर त्या पोर्टवर पत्ते वाटणारं दुसरंच कुणीतरी आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कचा गट असेल किंवा घरात कुठेतरी दुसरा राउटर उलटा जोडलेला असेल. दुसरा राउटर काढून पुन्हा पत्ता मागितला की कळतं.

पत्ता बरोबर, राउटर पिंगला उत्तर देतो, राउटरचं पानही उघडतं, पण 8.8.8.8 गप्प: ही एकाच पोर्टवरची अडचण असेल तर पुन्हा बांधणीच बघा. पोर्ट इंटरनेटऐवजी फोनसाठी किंवा देखरेखीसाठी ठेवलेल्या जोडणीला बांधलेला असला की असं होतं. पत्ता डबाच देतो, पण बाहेरचा रस्ता चुकीच्या दाराने जातो.

## पोर्टचा दोषच नसतो तेव्हा

एक प्रकार हुबेहूब पोर्ट बिघडल्यासारखा दिसतो. डबा राउटर म्हणून नाही तर नुसत्या ब्रिज मोडमध्ये चालू असतो. अशा वेळी सेवा देणारा अनेकदा एकाच उपकरणाला पत्ता देतो. जे पहिलं जोडलं जाईल त्याला मिळतो, नंतर आलेल्यांना नाही. LAN1 ला कॉम्प्युटर कायमचा लावलेला असल्यामुळे तो पहिला ठरतो आणि बाकी पोर्ट मेलेले वाटतात.

ओळखायचं असं: चालत्या पोर्टवरचा पत्ता 192.168, 10 किंवा 172.16 ते 172.31 यांपैकी नसेल, तर तो घरातल्या राउटरने दिलेला नसण्याची शक्यता मोठी. आता सगळ्या केबल काढा, डबा बंद करा, फक्त LAN3 ला लॅपटॉप लावा आणि डबा सुरू करा. लॅपटॉपवर नेट आलं तर पोर्ट ठणठणीत आहे. अडचण पत्त्यांच्या संख्येची आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे मध्ये एक खरा राउटर बसवणं. नुसता स्विच लावून उपयोग नाही, कारण स्विच पत्ते वाटत नाही.

## दिवा लागत नाही किंवा लागून विझतो

आता मित्राचा LAN4. केबल लावली की दिवा क्षणभर लागायचा, विझायचा, काही सेकंदांनी पुन्हा लागायचा. हीच केबल बाकी तीन पोर्टांवर पूर्ण वेगाने चालत होती, म्हणजे केबल निर्दोष. तरी खात्रीसाठी दुसरी केबल लावली, तेच झालं.

दिवा असा लुकलुकतो त्यामागे एक ठरावीक कारण असू शकतं. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. १ जीबीपीएसला चारही लागतात. गंमत अशी की किती वेगाने बोलायचं हे दोन्ही बाजू आधी त्या १, २, ३, ६ वरच ठरवतात. तिथे सगळं ठीक असल्याने दोघी '१ जीबीपीएस' ठरवतात, मग चारही जोड्यांवर बोलायला जातात, एक तार तुटलेली निघते, जोड सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलणी. काही चिपा दोन-तीनदा हरल्यावर शहाणपणाने १०० वर उतरतात. तशा डब्यात पोर्ट चालेल, पण `LinkSpeed` मध्ये इतरांपेक्षा कमी आकडा दिसेल. बाकीच्या अशाच लागत-विझत राहतात. (डब्यातला एकच पोर्ट १ जीबीपीएसचा आणि उरलेले मुळातच १०० चे, अशी रचनाही असते. म्हणून कमी वेग दिसला की आधी डब्यामागची छपाई वाचा.)

ही शंका तपासता येते. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांत `Advanced` मध्ये `Speed & Duplex` असतं. ते `100 Mbps Full Duplex` वर ठेवलं आणि LAN4 ला केबल लावली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. म्हणजे १, २, ३, ६ शाबूत, दोष ४, ५, ७, ८ पैकी कुठेतरी.

मग डबा बंद केला, वीज काढली आणि टॉर्च तिरका धरून पोर्टमध्ये पाहिलं. आत आठ बारीक सोनेरी तारा एकाच उंचीवर, कंगव्याच्या दातांसारख्या समांतर दिसायला हव्यात. LAN4 मधली एक तार शेजारणींपेक्षा खाली दबून राहिली होती. केबल आत जायची, टक्कन बसायची, पण तिचा स्पर्श त्या तारेला होतच नव्हता. अशी तार सुईने उचलायचा मोह होतो. मी करत नाही. ती तुटली किंवा शेजारणीला चिकटली तर उरलेला पोर्टही जातो.

दिवा १०० वरही अजिबात लागला नाही आणि तारा सरळ दिसत असतील, तर आतली चिप किंवा पोर्टमागचा बारीक ट्रान्सफॉर्मर गेलेला असू शकतो. जवळ वीज पडल्यावर असं होतं, विशेषतः लांब केबल घराबाहेरून गेलेली असेल तर. प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असल्याने एक मरतो आणि शेजारचे जगतात. घरी दुरुस्त होणारी ही गोष्ट नाही. वॉरंटी असेल तर डबा बदलून घ्या. नसेल तर चालत्या पोर्टला पाच पोर्टांचा साधा स्विच लावा. त्याला कसलीही सेटिंग लागत नाही आणि त्यावरची सगळी उपकरणं त्या चांगल्या पोर्टच्याच गटात येतात. सगळे मिळून एका पोर्टचा वेग वाटून घेतात, पण घरात ते सहसा जाणवत नाही.

एक आडवळणाचा प्रकार उरतो: पाचही प्रश्नांना 'हो' येतं, पण त्या पोर्टवर अडखळायला होतं. तिथे जास्त वेळ आणि मोठ्या आकाराचं पिंग द्या:

```
ping -n 200 -l 1400 192.168.1.1
```

वायरवर घरातल्या घरात एकही पॅकेट हरवायला नको. चांगल्या पोर्टवर शून्य आणि या पोर्टवर पाच-दहा हरवत असतील, तर तो पोर्ट मरणाच्या वाटेवर आहे असं समजा.

मित्राच्या LAN4 कडे परत येऊ. `Speed & Duplex` मी परत `Auto Negotiation` वर ठेवलं. एका बाजूने वेग जबरदस्तीने ठरवून तसाच सोडला तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलण्यावर, जाऊ शकते, आणि मग जोड असूनही गती रडतखडत मिळते. कायमची सोय वेगळी निघाली. सेटटॉप बॉक्सच्या बुडाशी पोर्टचा वेग 10/100 असा छापलेला होता. म्हणजे तो स्वतःच १०० च्या वर मागणार नाही, आणि त्याला लागणाऱ्या चारही तारा LAN4 मध्ये शाबूत होत्या. LAN4 तसाही ब्रिजच्या जोडणीलाच बांधलेला होता. सेटटॉप बॉक्सची केबल तिथे लावली, दिवा लागला, चित्र आलं. LAN2 आता मोकळा झाला होता. त्याची खूण ब्रिजमधून काढून इंटरनेटमध्ये लावली, प्रिंटरची केबल त्यात बसवली आणि डबा एकदा बंद-चालू केला. चारही पोर्टांवर सगळं परत आलं, तेव्हा मित्राने कागदाच्या चार पट्ट्यांवर `टीव्ही`, `लॅपटॉप` असं लिहून त्या डब्यामागे चिकटवल्या.